‘की’नंतर कोण बोलतंय?

‘डॉक्टरांनी सांगितलं की ताप उतरला आहे आणि उद्या घरी सोडणार आहेत.’ दवाखान्यात बसलेल्या एखाद्या नातेवाइकाने असा निरोप पाठवला, तर घरचे लोक खुशीने कामाला लागतील. पण वाक्य परत वाचा. ताप उतरल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, हे नक्की. उद्या घरी सोडणार असल्याचंही त्यांनीच सांगितलं, की निरोप देणाऱ्याने ते परिचारिकेकडून ऐकलं, की ताप उतरला म्हणजे आता सोडतीलच असा अंदाज त्याने स्वतःच बांधला? वाक्यात याचं उत्तर नाही. तिन्ही अर्थ त्यात व्यवस्थित बसतात.

हा घोटाळा दोन अगदी साध्या शब्दांनी मिळून केला आहे. ‘की’ने दुसऱ्याचं बोलणं सुरू करून दिलं, पण ते कुठे संपतं हे सांगितलं नाही. ‘आणि’ने पुढचं वाक्य जोडलं, पण ते बोलण्याच्या आत जोडलं की बाहेर, हे सांगितलं नाही. समोरासमोर बोलताना ही अडचण सहसा जाणवत नाही. आवाज खाली येतो, माणूस थांबतो, फार तर ऐकणारा विचारतो, ‘कोण म्हणालं उद्या?’ छापलेल्या मजकुराला असं विचारता येत नाही. म्हणून लांब परिच्छेदातले ‘आणि’ कमी करायला बसलं, की आधी ‘की’कडेच बघावं लागतं. नुसते ‘आणि’ खोडून हा गुंता सुटत नाही.

शाळेच्या व्याकरणात या ‘की’ला स्वरूपदर्शक उभयान्वयी अव्यय म्हणतात. काय सांगितलं, काय वाटलं, काय ठरलं, त्याचं स्वरूप तो पुढे मांडतो. त्याच कामाला मराठीत दुसरा एक शब्द आहे, ‘असं’, लेखी वळणात ‘असे’. ‘ताप उतरला आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं.’ दोन्हींचा अर्थ एकच, असं आपण समजतो. पण छापील पानावर त्यांचं काम एकमेकांच्या उलट आहे. ‘की’ हा सुरुवातीचा कंस आहे, तो उघडतो पण मिटत नाही. ‘असं’ हा शेवटचा कंस आहे. तो बोलणं मिटवतो, पण ते कुठून सुरू झालं हे कळायला वाक्याच्या शेवटापर्यंत जावं लागतं. ‘ताप उतरला आहे, उद्या घरी सोडू, असं डॉक्टरांनी सांगितलं’ असं लिहिलं, तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या नावावर जमा होतात. ‘ताप उतरला आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. उद्या घरी सोडतील बहुतेक’ असं लिहिलं, तर दुसरी गोष्ट नातेवाइकाच्या नावावर राहते. ‘आणि’ दोन्हीकडे नाही, आणि तो नसल्यानं काही बिघडलंही नाही.

मराठीला हे असे शब्दांचे कंस का लागले, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. अवतरणचिन्हं, स्वल्पविराम, अर्धविराम ही मंडळी मराठीत इंग्रजीच्या मागोमाग आली. ती रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकात पाठ्यपुस्तकांवर काम करणाऱ्या मेजर कँडी यांना दिलं जातं. त्याआधीचा मोडी कागद पाहिला तर शब्दही एकमेकांपासून नीट सुटे केलेले दिसत नाहीत, मग अवतरणचिन्ह कुठलं असणार? अशा मजकुरात कोणाचं म्हणणं कुठे सुरू झालं हे शब्दांनीच सांगावं लागे. मराठेशाहीतल्या पत्रांत मायन्याच्या पुढे ‘विनंती ऐसीजे’ येई आणि तिथून खरा मजकूर सुरू होई. त्यातला ‘जे’ हा आपला जुना ‘की’च. व्याकरणाच्या पुस्तकांत स्वरूपदर्शक अव्ययांच्या यादीत ‘की’च्या जोडीला तो अजून दिसतो. बोलण्यातून मात्र तो केव्हाच गेला. संस्कृतातला ‘इति’ याच्या उलट, बोलणं संपल्यावर येणारा. म्हणजे उघडणारा शब्द आणि मिटवणारा शब्द, दोन्ही रीती आपल्या परंपरेत होत्या. ज्ञानेश्वरीत ‘कीं’ आहे, पण तो बऱ्याचदा ‘किंवा’ नाहीतर ‘जणू’ अशा अर्थाने येतो. आजचा, बोलणं सुरू करून देणारा ‘की’ फारसीच्या सहवासातून पक्का झाला, असं अनेक अभ्यासक मानतात. (त्याच्या डोक्यावरचा अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनंतर गेला. त्याच नियमांनी ‘आणि’ आणि ‘नि’ यांना मात्र अपवाद म्हणून ऱ्हस्व ठेवलं.)

म्हणून ‘की’ परका, ‘असं’ अस्सल मराठी, तेव्हा ‘की’ टाळावा, असा सल्ला कधीकधी ऐकू येतो. तो मला पटत नाही. ‘असं’चा एक मोठा तोटा आहे. वाक्य जसजसं लांबत जातं, तसतसा वाचक अंधारात राहतो. चाळीस शब्दांचं विधान वाचून झाल्यावर शेवटी ‘असे विरोधी पक्षनेत्यांनी सांगितले’ आलं, तर ते सगळं वाक्य नव्या कानांनी परत वाचावं लागतं. आपण ते बातमीदाराचं निवेदन समजून वाचत आलो, निघाला तो आरोप. लांब म्हणण्याला सुरुवातीलाच नाव आणि ‘की’ दिलेलं बरं. आखूड म्हणण्याला ‘असं’ शोभतं. सात-आठ शब्दांचं म्हणणं असेल तर वाचकाला धीर धरायला लावण्यात काही गैर नाही. त्याहून लांब गेलं की नाव आधी.

दोन्ही कंस एकाच वाक्यात वापरले तर? ‘त्यांनी सांगितले की, रस्त्याचे काम महिनाभरात पूर्ण होईल, असे त्यांनी सांगितले.’ हे वाचून हसू येतं, पण घाईत लिहिलेल्या बातम्यांत अशी वाक्यं नियमित सापडतात. लिहिणाऱ्याने सुरुवात ‘की’ने केली, मध्ये मजकूर लांबला, शेवटी आल्यावर आपण कोणाच्या तोंडून बोलतोय हे मिटवायला हवं असं त्याला जाणवलं, आणि त्याने ‘असे’ लावला. त्याची जाणीव बरोबरच होती. ‘की’ला शेवट नाही, हे त्याच्या कानाला कळलं होतं. त्यावरचा उपाय शेपूट जोडणं हा नव्हे. वाक्य तोडणं हा खरा उपाय.

‘की’पाशी स्वल्पविराम कुठे द्यायचा, यावर संपादक मंडळी तावातावाने वाद घालतात. कुठे ‘म्हणाले की,’ चालतं, कुठे ‘म्हणाले, की’. बोलताना आपण ‘की’ आधीच्या क्रियापदाला चिकटवून म्हणतो आणि मग थांबतो. त्यामुळे पहिली रीत कानाशी प्रामाणिक आहे. दुसरी वाक्यरचनेशी. मी बहुतेक वेळा दोन्हीकडे काहीच देत नाही. एका मासिकात एकच रीत असावी, एवढं पुरे.

त्यापेक्षा कितीतरी नाजूक प्रश्न सर्वनामांचा आहे. मराठीत ‘की’नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसेही येऊ शकतात आणि बदलूनही. ‘मावशी म्हणाली की मी येत नाही.’ इथे ‘मी’ म्हणजे मावशी. पण ‘मावशी म्हणाली की मी फार हट्टी आहे’ यात हट्टी कोण? मावशीने स्वतःबद्दल कबुली दिली असेल, किंवा सांगणाऱ्याला चार शब्द सुनावले असतील. काही वेळा क्रियापद आपली सुटका करतं. सांगणारा पुरुष असेल आणि वाक्य ‘मावशी म्हणाली की मी चुकले’ असं असेल, तर ‘चुकले’वरून चूक मावशीची, हे कळतं. ‘चुकलो’ असतं तर चूक सांगणाऱ्याची. पण ही मदत दर वेळी मिळत नाही. ‘मी पत्र पाठवलं’ यात क्रियापद पत्राच्या तालावर चालतं. पाठवणारा पुरुष की बाई, हे त्यात उमटतच नाही, आणि दोघेही पुरुष असले तर लिंगाचा उपयोग तसाही नाही.

इथे मराठीकडे ‘आपण’ आहे. ‘आपण पत्र पाठवलं, असं ग्रामसेवकांनी सांगितलं’ या वाक्यात पाठवणारे ग्रामसेवकच. लिहिणारा त्यात येऊच शकत नाही. ‘तिने सांगितलं की माझी पर्स हरवली’ याऐवजी ‘आपली पर्स हरवली, असं तिने सांगितलं’ म्हटलं की संशय फिटतो. मात्र ही सोय ‘असं’बरोबरच नीट चालते. ‘ते म्हणाले की आपण उद्या जाऊ’ असं लिहिलं तर ‘आपण’ लगेच आपले दुसरे अर्थ घेऊन येतो. ते एकटे जाणार, की ऐकणाऱ्यालाही बरोबर नेणार?

काळाचंही तसंच. मराठी माणूस दुसऱ्याचं बोलणं सांगताना मुळातला काळ हलवत नाही. ‘तो म्हणाला की मी आजारी आहे.’ म्हणाला काल, तरी ‘आहे’ तसाच राहतो. इंग्रजी बातमी भराभर मराठीत उतरवताना हा ‘आहे’ घसरतो आणि ‘तो म्हणाला की तो आजारी होता’ असं वाक्य तयार होतं. इंग्रजीच्या नियमाने ते बरोबर आहे. मराठीत त्याचा अर्थ पार बदलतो. आजार आधी होता, आता बरा झाला. शिवाय दोन ‘तो’ एकच की वेगवेगळे, हा नवा पेच. ‘मंत्र्यांनी सांगितले की सरकार चर्चेस तयार होते’ असं छापून आलं, तर वाचकाला वाटणार की आता सरकारची तयारी उरली नाही. एका ‘होते’ने बातमी उलटली. उताऱ्यातली भाषांतरित वाक्यं तपासायची असतील तर ‘की’च्या पुढचे भूतकाळ आधी तपासावेत.

कित्येकदा ‘की’ची गरजच नसते, कारण मराठीने त्या कामासाठी आधीच दुसरी वाट ठेवलेली असते. ‘आईने सांगितलं की जेवून जा’ यापेक्षा ‘आईने जेवून जायला सांगितलं’ सुटसुटीत आहे. आज्ञा, विनंती, मनाई, परवानगी यांना ‘की’ सहसा लागत नाही. प्रश्नांचंही तसंच. ‘मला माहीत नाही की ती कुठे गेली’ हे वाक्य आता सर्रास ऐकू येतं. त्यात हिंदीचा साचा आहे. आपली रीत ‘ती कुठे गेली, मला माहीत नाही’ किंवा ‘ती कुठे गेली ते मला माहीत नाही’ अशी आहे. मराठी आधी प्रश्न ठेवते, मग आपलं अज्ञान.

बोलीत तर ‘की’ला आणखी जुने स्पर्धक आहेत. ‘येतो म्हणून सांगितलं आणि आलाच नाही.’ हा ‘म्हणून’ महाराष्ट्रभर ऐकू येतो. कोकणीत त्याचाच भाऊबंद ‘म्हूण’ हे काम करतो आणि शेजारच्या कन्नडमध्ये ‘अंत’ हा शब्दही मुळात ‘म्हणणे’ या क्रियेतूनच आलेला आहे. ‘म्हणून’ नुसतं बोलणं वाहून नेत नाही, मनातलं म्हणणंही वाहून नेतो. ‘पाणी येईल म्हणून थांबलो’ यात कोणी कोणाला काही सांगितलेलं नाही. पण याच लवचीकपणामुळे लेखनात तो जपून वापरावा लागतो. ‘तो आजारी आहे म्हणून सांगितलं.’ निरोप दिला तो आजारपणाचा, की आजारी असल्यामुळे दुसरंच काही सांगितलं? तिसरा शब्द ‘म्हणे’. ‘उद्या नळाला पाणी नाही म्हणे.’ कोण म्हणालं ते सांगायचं नाही, आणि खरं-खोट्याची जबाबदारी आपल्या अंगावर घ्यायची नाही, या दोन्ही गोष्टी हा शब्द एका दमात साधतो. वर्तमानपत्रातलं ‘असे समजते’ म्हणजे कोट-टाय घातलेला ‘म्हणे’च.

आता ‘आणि’कडे वळू. लांब परिच्छेदात ‘आणि’ का साचतात? कारण लिहिताना आपल्याला गोष्टी एकामागून एक आठवतात आणि ‘आणि’ हा त्या आठवण्याचा शब्द आहे. पुढची गोष्ट आधीच्या गोष्टीमुळे घडली, तिच्यानंतर घडली, तिच्या विरोधात घडली, की तिचा मागच्याशी काहीच संबंध नाही, यातलं काहीही ठरवायची सक्ती तो करत नाही. म्हणूनच तो इतका सोयीचा. पण ‘आणि’ मुका नाही. ‘वर्षभर पुस्तक उघडलं नाहीस आणि आता रडतोस’ यात तो ‘तरीही’चं काम करतो, तेही ‘तरीही’पेक्षा जास्त ठसक्याने. ‘आम्ही निघालो आणि पाऊस सुरू झाला’ यात अवचितपणा आहे. ‘बटण दाबलं आणि दिवा लागला’ यात कारण आणि परिणाम आहे. ‘तू आणि लवकर उठणार!’ यात तर तो जोडतच नाही, दोन टोकं समोरासमोर धरून थट्टा करतो. हे ‘आणि’ खोडले तर वाक्य मरतं. पहिल्या वाक्यात ‘वर्षभर पुस्तक न उघडून आता रडतोस’ करून पाहा.

तेव्हा प्रत्येक ‘आणि’पाशी थांबून विचारायचं, की हा इथे काय करतो आहे? तीन-चारच उत्तरं निघतात. एक म्हणजे ‘काहीच नाही’. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामध्ये पूर्णविराम हवा होता. लांब परिच्छेदातले निम्मे ‘आणि’ या जातीचे असतात. दुसरं उत्तर, ‘यादी करतो आहे’. यादीत एक ‘आणि’ शेवटच्या दोघांमध्ये पुरतो, आणि मराठीला तोही दर वेळी लागत नाही. आईवडील, चहापाणी, मीठभाकर, देवाणघेवाण या शब्दांत समासाने तो केव्हाच गिळला आहे. ‘तो आला, बसला, चहा प्याला, गेला’ हेही स्वच्छ मराठी आहे.

तिसरं उत्तर, ‘एकच माणूस एकापाठोपाठ कामं करतो आहे’. इथे मराठीचं हुकमी हत्यार म्हणजे ‘-ऊन’. ‘तो उठला आणि आंघोळ केली आणि निघाला’ याचं ‘तो उठून, आंघोळ करून निघाला’ होतं. मात्र या हत्याराला दोन अटी आहेत. कर्ता एकच हवा. ‘मी दार उघडून तो आत आला’ हे कानाला लगेच खटकतं. तिथे ‘मी दार उघडल्यावर’ हवं. माणसाच्या मर्जीबाहेरच्या घटनांना ही अट सैल आहे, म्हणून ‘पाऊस पडून रस्ते खचले’, ‘दिवाळी होऊन आठ दिवस झाले’ ही वाक्यं चालतात. दुसरी अट नकाराची. ‘तो जेवला आणि गेला नाही’ म्हणजे तो जेवून तिथेच थांबला. ‘तो जेवून गेला नाही’ म्हणजे तो गेला, पण उपाशी. ‘आणि’ काढून ‘-ऊन’ घालताना पुढे ‘नाही’ असेल, तर हात आवरायचा.

चौथं उत्तर, ‘एक गोष्ट दुसरीमुळे’. तिथे ‘त्यामुळे’, ‘-ल्याने’, ‘-ल्यावर’ असे नेमके शब्द आहेत.

यात न बसणारा एक खोटा उपाय मात्र फार लोकप्रिय आहे. तो म्हणजे ‘असून’. ‘निधी मंजूर झाला असून काम सुरू असून ते लवकरच पूर्ण होणार असून नागरिकांनी सहकार्य करावे.’ सरकारी पत्रकांनी हा ‘असून’ बातम्यांना शिकवला. तो ‘आणि’सारखाच काही ठरवत नाही, फक्त कोट घालून येतो. वर त्याचा दुसरा अर्थ ‘असूनही’ हा आहे. ‘पैसे असून देत नाही’, ‘टाकी असून पाणी नाही’ या वाक्यांत तोच अर्थ आहे. म्हणजे ‘योजना मंजूर असून काम सुरू नाही’ हे वाक्य तक्रार आहे की नुसती माहिती, हे वाचणाऱ्याच्या मनावर सोडलेलं असतं. ‘आणि’च्या जागी ‘व’ किंवा ‘तसेच’ घालण्यानेही फरक पडत नाही. पुनरुक्ती डोळ्यांना दिसेनाशी होते, पण वाक्याचा सांधा ढिलाच राहतो.

हे सगळं एका परिच्छेदावर करून पाहू. गावातल्या सभेचं हे काल्पनिक टिपण बघा.

‘सरपंचांनी सांगितले की पाण्याची टाकी बांधून झाली आहे आणि नळजोडणीचे काम सुरू आहे आणि ते दिवाळीपर्यंत पूर्ण होईल आणि ग्रामसेवकांनी सांगितले की मी तीन वेळा ठेकेदाराला पत्र पाठवले आणि त्याने उत्तर दिले की पाइप आले नाहीत आणि सरपंचांनी विचारले की पाइप कधी येणार आणि ग्रामसेवक म्हणाले की मला माहीत नाही की ते कधी येतील आणि वरच्या आळीतल्या बायका म्हणाल्या की आम्हाला रोज दोन हंडे आणि एक कळशी पाणी अर्धा कोस चालून आणावे लागते आणि टाकी भरलेली आहे आणि आमचे हंडे रिकामे आहेत आणि सभा संपली.’

यात ‘आणि’ अकरा आहेत, ‘की’ सात. कात्री लगेच चालवायची नाही. आधी माणसं मोजायची. सरपंच, ग्रामसेवक, ठेकेदार आणि बायका, असे चौघांचे आवाज आहेत. पाचवा टिपण लिहिणाऱ्याचा. आवाज बदलतो तिथे वाक्य तोडलं, की माणसामाणसांमधले ‘आणि’ आपोआप गळतात. त्यासाठी शैलीचा विचार करावाच लागत नाही.

मग प्रत्येकाचं म्हणणं कुठे संपतं ते बघायचं. सरपंचांच्या वाक्यात टाकी, नळजोडणी आणि दिवाळी अशा तीन गोष्टी आहेत. टाकी बांधून झाली, हे लिहिणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलं असेल तर ते सरपंचांच्या तोंडी कशाला? ते निवेदनात जाऊ द्या. दिवाळी मात्र आश्वासन आहे, ते सरपंचांच्या नावावरच राहिलं पाहिजे. ग्रामसेवकांच्या ‘मी’चा ‘आपण’ करायचा. इथे मोह होतो ‘ग्रामसेवकांनी तीन वेळा पत्र पाठवले’ असं थेट लिहून मोकळं होण्याचा. वाक्य हलकं होईल, पण पत्रं खरोखर गेली याची हमी लिहिणाऱ्याने दिल्यासारखं होईल. जावक नोंदवही पाहिली असेल तरच ते करावं. ‘मला माहीत नाही की’ त्याच्या मराठी जागेवर न्यायचा. शेवटी बायका. ‘टाकी भरलेली आहे आणि आमचे हंडे रिकामे आहेत’ यातल्या ‘आणि’ला हात लावायचा नाही. त्यांची सगळी तक्रार त्या एका शब्दात आहे. तो अवतरणचिन्हांत जसाच्या तसा ठेवायचा.

‘पाण्याची टाकी बांधून झाली आहे. नळजोडणीचे काम सुरू आहे, ते दिवाळीपर्यंत पूर्ण होईल, असे सरपंचांनी सांगितले. ग्रामसेवकांच्या म्हणण्यानुसार आपण ठेकेदाराला तीन वेळा पत्र पाठवले. पाइप आले नाहीत, एवढेच त्याचे उत्तर. पाइप कधी येणार, असे सरपंचांनी विचारल्यावर माहीत नसल्याचे ग्रामसेवकांनी सांगितले. वरच्या आळीतल्या बायकांना रोज दोन हंडे, एक कळशी पाणी अर्धा कोस चालून आणावे लागते. “टाकी भरलेली आहे आणि आमचे हंडे रिकामे आहेत,” त्या म्हणाल्या. सभा संपली.’

अकरा ‘आणि’ होते, त्यातला एक उरला. सातपैकी ‘की’ एकही उरला नाही. पण ‘एकही नाही’ हे यश मानायचं कारण नाही, तो योगायोग आहे. सगळ्यांची म्हणणी आखूड होती म्हणून ‘असे’वर भागलं. ‘ग्रामसेवकांच्या म्हणण्यानुसार आपण’ ही जोडणी मला अजून किंचित अवघडलेली वाटते. ‘आपण ठेकेदाराला तीन वेळा पत्र पाठवले, असे ग्रामसेवक म्हणाले’ जास्त सरळ झालं असतं, पण मग ठेकेदाराच्या उत्तराला वेगळं वाक्य द्यावं लागलं असतं. बायकांच्या चालण्याबद्दलचं वाक्य मी निवेदनात आणलं, ते लिहिणारा त्या वाटेने स्वतः गेला आहे असं धरून. नसेल गेला, तर तिथेही ‘असे त्या म्हणाल्या’ परत आणावं लागेल.

एक धोका मात्र या सुधारलेल्या परिच्छेदातही शिल्लक आहे, आणि तो पान लावणाऱ्यांना चांगला ठाऊक असतो. जागा कमी पडली की मजकूर कापला जातो, तो बहुधा वाक्याच्या किंवा परिच्छेदाच्या शेपटाकडून. ‘असे सरपंचांनी सांगितले’ हे तीन शब्द नेमके शेपटावर बसलेले असतात. ते गेले की उरतं, ‘ते दिवाळीपर्यंत पूर्ण होईल.’ सरपंचांचं आश्वासन बघता बघता मासिकाचं होतं. ज्या विधानावरून पुढे वाद होऊ शकतो, ज्यात तारीख आहे, रक्कम आहे, कोणावर आरोप आहे, तिथे शैलीचा विचार बाजूला ठेवून नाव पुढे आणावं. ‘सरपंचांनी सांगितले की हे काम दिवाळीपर्यंत पूर्ण होईल.’ मागून कितीही कापलं तरी सरपंच जागचे हलत नाहीत.